स्वयंपाकाच्या मावशींसाठी चिठ्ठी : तेल कमी, माप ठरलेलं, डाळ जास्त. मसुदा बघाल का?

सावली_कोथरूड

आमच्याकडे पोळी-भाजीला येणाऱ्या मावशींना एक चिठ्ठी लिहायची आहे. त्या साडेसातला येतात आणि सव्वा तासात दोन्ही वेळचं करून जातात. मला आठला निघावं लागतं, त्यामुळे आमचं बोलणं चपला घालता घालताच होतं. हाताला चव आहे, घरातल्यासारख्या आहेत, त्यामुळे दुसरी बाई बघा वगैरे सल्ले कृपया नकोत. त्यांना वाचता येतं.

घरात चौघं. आम्ही दोघं, नववीतली मुलगी आणि सासरे. सासऱ्यांचं वय ७४, साखर आणि ट्रायग्लिसराइड्स दोन्ही वर. डॉक्टरांनी सांगितलंय की तेल कमी करा, जेवण मोजून घ्या आणि भात-पोळीच्या जागी थोडी डाळ वाढवा. तेलाचा पाच लिटरचा डबा आमच्याकडे बरोबर महिनाभर जातो.

मसुदा असा :

"मावशी, आजोबांच्या तब्येतीसाठी थोडा बदल करायचा आहे. भाजीत तेल कमी घाला. पोळ्या उरतील इतक्या करू नका. वरण-आमटी जास्त करा. तळण नको."

सुचवा काही.

खानावळकर_सांगली

मी आयुष्यभर खानावळ चालवली, आता मुलगा बघतो. चिठ्ठीचा सूर चांगला आहे, पण यातलं एकही वाक्य ओट्यापाशी उभं राहिल्यावर उपयोगाचं नाही. "तेल कमी घाला" म्हणजे किती? मावशी रोज अडीच पळ्या घालत असतील तर उद्या सव्वादोन घालतील आणि त्यांच्या मते ते कमीच असेल. तुमच्या मनात एक पळी आहे. चार दिवसांनी दोघी नाराज.

त्याहून घोटाळा "वरण-आमटी जास्त करा" मध्ये आहे. आमटी जास्त करण्याचा सोपा मार्ग म्हणजे पाणी. आमच्याकडे नवा आचारी आला की हेच व्हायचं, पातेलं भरलेलं आणि तळाशी डाळ शोधावी लागायची. डाळ नेहमी कच्ची सांगायची, कुकरला लावण्याआधीची. "तुरीची डाळ एक वाटी", आणि ती वाटी कुठली तेही दाखवायचं. सध्या किती डाळ लागते तुमच्याकडे?

तेलाचं गणित तुमच्याच आकड्यावरून मांडतो. पाच लिटर तेल म्हणजे वजनाने साधारण साडेचार किलो. तीस दिवस, चार माणसं, म्हणजे माणशी रोज ३८ ग्रॅमच्या आसपास. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराच्या ज्या सूचना काढल्या, त्यात दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसाला तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलंय. तुमच्या ३८ मध्ये तूप नाही, दाण्याचं कूट नाही, बाहेरचं खाणं नाही. शेंगदाण्याचं निम्मं वजन तेलच असतं हे आपण सोयीस्कर विसरतो.

घाण्याचं_तेल

एवढा आटापिटा कशाला? रिफाइंड बंद करा आणि लाकडी घाण्याचं शेंगदाणा किंवा करडईचं आणा. ते अंगाला लागत नाही, पचतं. आमच्या आज्या तेलाची धार धरायच्या आणि नव्वदीपर्यंत ठणठणीत होत्या. शिवाय घाण्याच्या तेलाला वास असतो, त्यामुळे आपोआप कमी लागतं.

खानावळकर_सांगली

शेवटचं वाक्य मान्य. वासाच्या तेलाची फोडणी थोडक्यात भागते, हे मी स्वतः पाहिलंय. पण अंगाला लागत नाही हे काही खरं नाही. तेल घाण्याचं असो की डब्यातलं, एका ग्रॅमला नऊ कॅलरी. करडईची चरबी वेगळ्या जातीची आहे, त्याचा थोडा फायदा असेल, पण धार धरली की तो गेला. आणि आपल्या आज्या दिवसभर विहिरीचं पाणी शेंदत होत्या.

रोहिणी_दुबई

इथे तर मदतीला कोणीच नाही, सगळं स्वतःच करतो. एअर फ्रायर घ्या, भजी, कटलेट सगळं चमचाभर तेलात होतं. तेल मोजायला बाटलीवर लावायचा स्प्रेही मिळतो. पगार वाढवून मागितलाय का मावशींनी? तसं असेल तर त्या स्प्रे वापरणार नाहीत.

सावली_कोथरूड

पगाराचा काही विषय नाही हो. आणि आमच्याकडे तळण महिन्यातून एखाद वेळा होतं, तेल रोजच्या जेवणात जातंय.

खानावळकर, डाळ विचारून घेतली. मावशी आमटीला "अर्धी वाटी" तूर लावतात, दोन्ही वेळची मिळून. ती वाटी भरून वजन केलं तर १२५ ग्रॅम डाळ बसते. म्हणजे अर्ध्या वाटीत साठ-पासष्ट ग्रॅम, चौघांत, दोन जेवणांत!

पोळीभाजीवालीचा_मुलगा

माझी आई डोंबिवलीत पाच घरी स्वयंपाकाला जाते. हा धागा तिला वाचून दाखवला. तिचं म्हणणं तसंच लिहितो.

पहिलं, चिठ्ठी फ्रीजवर लावू नका. घरी येणारा-जाणारा वाचतो आणि वाटतं की बाई तेलाची नासाडी करते म्हणून पाटी लावलीय. आधी एकदा समोर बोला, रविवारी थांबायला सांगा, चहा द्या, आणि मग चिठ्ठी कपाटाच्या दाराला आतून लावा.

दुसरं, तेल जास्त का पडतं ते समजून घ्या. तिला प्रत्येक घरी तासभर असतो. एका शेगडीवर पोळ्या, दुसरीवर भाजी. भाजी मोठ्या आचेवर टाकून ती लाटायला वळते. तेल कमी असेल तर भाजी तळाला धरते आणि जळकी भाजी म्हणून बोलणी तिलाच बसतात. जास्तीचं तेल म्हणजे भाजीजवळ उभं न राहण्याची सोय. तेल अर्धं करून वेळ तेवढाच ठेवला तर जमणार नाही.

तिसरं, चव उतरली तर घरातल्या माणसांनी मावशींना बोलायचं नाही. हे आईने दोनदा सांगितलं.

विदर्भकन्या

माफ करा, पण थोडी सावध राहा. आमच्याकडच्या बाई तेल बाटलीत भरून नेत होत्या हे फार उशिरा कळलं. आधी तेल खरंच स्वयंपाकातच जातंय का ते बघा.

पोळीभाजीवालीचा_मुलगा

घ्या. हेच वाट बघत होतो. पाच लिटर चौघांत महिनाभर जाणं ही चोरीची खूण नाही, ते कुठल्याही मराठी घरातलं नेहमीचं प्रमाण आहे. खानावळकरांनी हिशोब मांडलाय, वाचा.

विदर्भकन्या

मी माझा अनुभव सांगितला. सगळ्यांना लागू आहे असं म्हटलं नाही.

खानावळकर_सांगली

भांडण बाजूला ठेवू. सावलीताई, एक काम करा. उद्या सकाळी एका छोट्या बाटलीत २०० मिली तेल मोजून मावशींसमोर ठेवा आणि नेहमीसारखाच स्वयंपाक करायला सांगा, हात आखडायचा नाही. फक्त पोळ्या झाल्यावर एकदा आणि सगळं झाल्यावर एकदा बाटलीवर पेनाने खूण करायची. मोजायला खोकल्याच्या औषधावरचं मापाचं टोपण चालतं, त्यावर ५ आणि १० मिलीच्या रेघा असतात. तेल कुठे जातंय ते आधी कळू दे. माझा अंदाज आहे, पण आत्ता सांगत नाही.

सावली_कोथरूड

शनिवारी घरी होते, केलं. मावशींना आधी सगळं समजावलं, त्यांना गंमतच वाटली. खुणाही त्यांनीच केल्या.

अठरा पोळ्यांना ७५ मिली! कणीक मळताना एक पळी, प्रत्येक घडीत बोट फिरवून तेल, आणि तव्यावर दोन्ही बाजूंनी. दोन भाज्यांना मिळून ५५. आमटीच्या फोडणीला १५. एकूण १४५. वर रात्री आम्ही काहीबाही परततो ते वेगळं.

मी सगळा राग भाजीवर काढत होते. भाजीत तेल दिसतं तरी, पोळीतलं दिसतच नाही.

खानावळकर_सांगली

हाच अंदाज होता. चिठ्ठीत "भाजीत तेल कमी" एवढंच लिहिलं असतं तर भाजी कोरडी झाली असती, सगळे कुरकुरले असते आणि निम्मं तेल पोळीतून पोटात जात राहिलं असतं.

आता माझं सांगणं. पदार्थागणिक नियम लिहू नका. दिवसाची बाटली ठरवा. १०० मिली रोज म्हणजे महिन्याला तीन लिटर, माणशी साधारण २३ ग्रॅम. त्यातलं ८० मिली सकाळी मावशींचं, २० मिली तुमचं रात्रीचं. ८० मधलं कुठे किती घालायचं ते मावशी ठरवतील, त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा कळतं. वांग्याची भाजी असेल त्या दिवशी पोळीला हात आखडतील. रात्री घरातल्या कोणीतरी बाटली पुन्हा भरायची आणि मोठा डबा वर ठेवून द्यायचा.

पोळीची वाट सोपी आहे. कणकेत दोन चहाचे चमचे, घडीत फक्त ब्रश नाहीतर चमच्याची पाठ, तव्यावर काही नाही. अठरा पोळ्या ३० मिलीत होतात.

भाजीचा प्रश्न आईंनी बरोबर सांगितला, तो वेळेचा आहे. तिथे दोन गोष्टी कामाच्या. फोडणी पसरट कढईत करू नये. तिथे तेल पसरतं, मोहरी बुडत नाही, तडतडत नाही, म्हणून हात आणखी ओततो. कढई तिरकी धरायची किंवा छोट्या कढल्यात फोडणी करायची. दोन चमचे तेलाचं तळं झालं की मोहरी नीट फुटते. मग भाजी टाकून मीठ लगेच घालायचं म्हणजे तिला पाणी सुटतं, आणि वर खोलगट झाकण ठेवून त्यात पाणी ओतायचं, आच मध्यम. वाफ झाकणाला लागून परत भाजीत पडते, भाजी तळाला धरत नाही, आणि मावशींना पोळ्या लाटायला मोकळं होता येतं. झाकणातलं पाणी गरम झालेलंच असतं, लागलं तर तेच भाजीत.

कांदा-खोबऱ्याच्या वाटणाला मात्र सवय बदलावी लागते. सगळ्यांच्या डोक्यात "तेल सुटेपर्यंत परता" बसलंय. तेल कमी असलं की ते सुटलेलं दिसतच नाही, मग बाई वाट बघत बसते आणि मसाला करपतो, नाहीतर वरून तेल ओतते. त्याऐवजी बघायचं की वाटण कढई सोडून गोळा व्हायला लागलं का आणि कच्च्या कांद्याचा उग्र वास गेला का. चिकटायला लागलं की पाण्याचा हबका, पुन्हा परतायचं.

भेंडी आणि काचऱ्या यात बसत नाहीत. झाकण ठेवलं की भेंडीला तार सुटते. त्या दिवशी तेल जास्त लागणार हे धरून चालायचं.

मधुरा_नाशिक

फुलके करायला सांगा की सरळ, तेलाचा प्रश्नच मिटला.

सावली_कोथरूड

फुलके डब्यात पुठ्ठ्यासारखे होतात. तिघांचे डबे असतात. म्हणून घडीचीच पोळी हवी आहे.

कट्ट्यावरचा_काका

डाळीबद्दल कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. माझं क्रिएटिनिन वाढल्यावर डॉक्टरांनी डाळ मोजूनमापून दिली, दिवसाला एक वाटी पातळ वरण, बस्स. साखरेच्या जुन्या रुग्णाला मूत्रपिंडाचा त्रास असू शकतो आणि तो आतल्या आत असतो. सासऱ्यांचा रिपोर्ट बघितल्याशिवाय डाळ वाढवू नका. डाळ वाईटच म्हणा ना वयस्कर माणसाला.

खानावळकर_सांगली

काका, रिपोर्ट बघा हे शंभर टक्के. पण सगळ्या वयस्करांना डाळ वाईट असं होत नाही. ज्याचं मूत्रपिंड ठीक आहे त्याला या वयात प्रथिनं कमी पडली की मांड्या-दंड झडतात, उठताबसता येत नाही. तुमचा नियम तुमच्या रिपोर्टपुरता.

सावली_कोथरूड

क्रिएटिनिन मागच्या महिन्यात केलंय, ठीक आहे. डाळ वाढवायला डॉक्टरांनीच सांगितलं. तरी लघवीतल्या प्रथिनाची तपासणी झालेली नाही, ती पुढच्या भेटीत विचारते. काका, धन्यवाद.

डाळ किती धरू? आणि अचानक वाढवली तर सासऱ्यांना गॅस होतो.

घाण्याचं_तेल

कुकरमध्ये चिमूटभर सोडा टाका, डाळ लोण्यासारखी शिजते आणि गॅस होत नाही.

मधुरा_नाशिक

सोड्याने डाळ मऊ होते हे खरं, पण त्यातलं ब-१ जीवनसत्त्व बरंचसं नासतं. भिजवून ठेवा, तेवढं पुरतं. आमच्याकडे मूग आणि मसूर बाधत नाही, हरभरा आणि वाल बाधतो. एकदम दुप्पट न करता पंधरा दिवसांत चढवत न्या. हिंग-जिरं आहेच.

प्रमाण म्हणाल तर माणशी साठ ग्रॅम कच्ची डाळ किंवा कडधान्य दिवसाला. चौघांना तुमच्या १२५ ग्रॅमच्या वाटीने दोन वाट्या. एक वाटी तूर किंवा मूग वरणाला, तीन वाट्या पाणी, म्हणजे वरण चमच्यावर ठरेल इतकं घट्ट होतं. दुसरी वाटी रोज आमटीत कोंबू नका, कोणी खाणार नाही. कधी मटकीची उसळ, कधी पालेभाजीत मुगाची डाळ, कधी बेसनाचं पिठलं. कोबीत भिजवलेली हरभऱ्याची डाळ सढळ हाताने घातली की कोबी निम्मा लागतो. भिजवणं मात्र घरातल्यांनी रात्री करायचं, सकाळी येणारी बाई ते करू शकत नाही.

पोळीभाजीवालीचा_मुलगा

आई म्हणते, भिजवणं हीच खरी गोम आहे. लोक चिठ्ठीत उसळ लिहितात आणि मटकी डब्यात कोरडी असते.

सावली_कोथरूड

सगळं वाचून नवी चिठ्ठी लिहिली आहे. रविवारी मावशींशी बोलूनच पक्की करेन.

"मावशी, आजोबांची साखर आणि रक्तातली चरबी वाढली आहे, म्हणून आपण सगळेच थोडा बदल करतोय. तुमच्या हातात काही खोट नाही.

तेल : ओट्यावरच्या छोट्या बाटलीत रोज ८० मिली भरून ठेवेन. सकाळचं सगळं त्यात बसवायचं. कशाला किती ते तुम्ही ठरवा. कमी पडलं तर मोठ्या डब्यातून घ्या, पण बाटलीवर रेघ मारा म्हणजे मला कळेल. भेंडी किंवा काचऱ्या असतील तेव्हा बाटलीत २० मिली जास्त असेल.

पोळ्या : १८ ऐवजी १६. कणीक ४०० ग्रॅम, मी डब्यात मोजून ठेवेन. १६ सारखे गोळे. दोन डबे तीन-तीनचे, मुलीचा दोनचा, बाकी आठ घरी. तव्यावर तेल नको, घडीत ब्रश.

भात : कच्चे तांदूळ एक वाटी, दोन्ही वेळचा मिळून.

डाळ : स्टीलची निळ्या काठाची वाटी डाळीच्या डब्यात ठेवली आहे. वरणाला एक वाटी डाळ, तीन वाट्या पाणी. घट्टच राहू द्या, पातळ करायचं तर आम्ही वाढताना करू. दुसऱ्या भांड्यात काही भिजलेलं दिसलं तर ते त्या दिवशीच्या भाजीत किंवा उसळीत. पहिले दोन आठवडे भिजवलेलं कमी असेल.

भाजीवर पाण्याचं झाकण ठेवा. दाण्याचं कूट दोन चमचे, त्याहून जास्त नको. वेळ जास्त लागला तर कोशिंबीर आणि कणीक मळणं माझ्याकडे."

खानावळकर_सांगली

आता ही चिठ्ठी झाली. कणीक आदल्या रात्री मळून फ्रिजमध्ये ठेवली तर मावशींची दहा मिनिटं वाचतील. तीच दहा मिनिटं भाजीपाशी जातील. ४०० ग्रॅम पिठाला अडीचशे मिली पाणी धरा, गोळा चाळीस ग्रॅमचा येतो.

एक शंका आहे. आजोबांना सोळातल्या किती? साखर आहे तर पोळी आणि भात दोन्ही एका ताटात हवेत का, हे चिठ्ठीत नाही.

सावली_कोथरूड

ते मावशींच्या हातात नाही, वाढणाऱ्याच्या हातात आहे. आणि वाढणारे सासरेच आहेत, दुपारी घरी एकटे असतात. दोन पोळ्या आणि एक मूद भात ठरलंय, बघू.

कट्ट्यावरचा_काका

दुपारी एकट्या माणसाला कोण अडवणार! मी चोरून तूप घेतो.

रोहिणी_दुबई

ब्रशने तेल लावून केलेली घडीची पोळी डब्यात दुपारपर्यंत मऊ राहते का? मी करून बघितली तर कडा वातड झाल्या.

मधुरा_नाशिक

कणीक कोमट पाण्यात मळा, थोडं दूध घाला आणि अर्धा तास झाकून ठेवा. तवा चांगला तापलेला हवा, मंद तव्यावर पोळी वाळते. भाजली की लगेच कापडात. तरी तेलातल्या पोळीइतकी मऊ राहत नाही, थोडा फरक राहतोच.

पोळीभाजीवालीचा_मुलगा

आई विचारतेय, कणीक घरातले मळणार म्हणजे पगार कापणार का?

सावली_कोथरूड

नाही हो, मुळीच नाही. तेही चिठ्ठीत घालते.